‘दोन दिवसांचा नाशिकचा प्लॅन पाठव ना’

वाचकाचं पत्र

लग्न होऊन नाशिकला आले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून माहेरची-सासरची सगळी मंडळी मला नाशिकची माहितीपुस्तिका समजतात. मेसेज येतो, ‘नाशिकचा छानसा प्लॅन पाठव ना.’ कधी येणार, किती जण, कुठून, खर्च किती करणार, यातलं काही नाही. विचारलं तर, ‘तू पाठव गं, आम्ही बघतो अॅडजस्ट करून.’

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या मावसबहिणीला मी बसून तीन दिवसांचा प्लॅन लिहून दिला. पहिला दिवस पंचवटी, पांडवलेणी आणि द्राक्षमळे, दुसरा अंजनेरी आणि गंगापूर धरण, तिसरा त्र्यंबक आणि वणी करून परत पुणे. ती शनिवारी आली, म्हणजे त्र्यंबक पडलं नेमकं श्रावणी सोमवारी. सोबत सासू-सासरे आणि दोन मुलं. अर्धा दिवस रांगेत गेला, वणी राहिली, द्राक्षाचा एक मणी दिसला नाही, आणि सासूबाई पांडवलेणीच्या पायथ्याशी गाडीत बसून राहिल्या. घरी गेल्यावर फोन, ‘तुझा प्लॅन काही जमला नाही बाई.’

आता दिरांच्या साडूंचा मेसेज आलाय, ‘त्र्यंबक, वणी, शिर्डी आणि नाशिक, दोन दिवसांत बसवून द्या.’ त्यांची बदली झालीय एवढंच कळलंय, कुठे ते माहीत नाही. नाही म्हणवत नाही आणि पुन्हा बोलणीही खायची नाहीत. काय करू?

— एक नाशिककर, इंदिरानगर

उत्तर

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. समोरची माणसं निष्काळजी आहेत, म्हणून ती माहिती देत नाहीत. काही असतीलही, पण बहुतेकांना कोणती माहिती द्यायची हेच माहीत नसतं. पुण्यात बसलेल्या माणसाला नाशिक म्हणजे नकाशावरचा एक ठिपका वाटतो आणि त्र्यंबक, वणी, शिर्डी हे सगळं त्या ठिपक्याच्या आजूबाजूला कुठेतरी. सोमवारी गेलं काय आणि बुधवारी गेलं काय, त्याला फरक पडत नाही. तो फरक फक्त तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे ‘सगळं सविस्तर कळवा’ असं म्हणून त्यांच्याकडून काही निघणार नाही. नेमकं काय विचारायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

दुसरं गृहीतक तुमच्या स्वतःबद्दलचं आहे. प्लॅन मागितला म्हणजे सकाळी सातपासून रात्री दहापर्यंतचं वेळापत्रक द्यायलाच हवं, असं तुम्ही धरून चालता. बहिणीला तुम्ही तसंच दिलंत. त्यात मेहनत खरी होती, पण ती कुठल्या महिन्यासाठी, कुणाच्या पायांसाठी आणि कुठल्या रस्त्याने येणाऱ्यांसाठी आहे, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग वाचणाऱ्याने ते आपल्यासाठीच आहे असं समजून घेतलं. यात चूक तिचीही नाही.

मी पूर्वी काही वर्षं सहली आखून देण्याचं काम केलंय. तेव्हाही अर्धवट चौकशी हाच नियम होता आणि पूर्ण चौकशी अपवाद. तारीख, माणसं, खर्च आणि निघण्याचं गाव या चारही गोष्टी हव्यात हे खरं, पण त्यांचं वजन सारखं नसतं. शिवाय गावागणिक ते वजन बदलतं. नाशिकपुरतं बोलायचं तर पहिला प्रश्न कुठून येताय हा आणि दुसरा कधी येताय हा. बाकीचे दोन नंतर आले तरी चालतात.

‘कुठून’ हा प्रश्न बहुतेक लोक प्रवासखर्चासाठी विचारतात. आपल्याकडे त्याचं कारण वेगळं आहे. नाशिक शहराच्या भोवतीची ठिकाणं एका रेषेत नाहीत, चार दिशांना फाकलेली आहेत. त्र्यंबक पश्चिमेला तीसेक किलोमीटर. सप्तशृंगी गड, म्हणजे आपली वणी, उत्तरेला साठ-पासष्ट. शिर्डी आग्नेयेला नव्वदच्या घरात. सिन्नरचं गोंदेश्वर पुणे रस्त्यावर तीसेक. नाशिकमध्ये मुक्काम करून प्रत्येक ठिकाणी जाऊन परत यायचं म्हटलं की प्रत्येक रस्ता दोनदा तुडवावा लागतो. पण बाहेरून येणारा माणूस यातल्या एका रस्त्याने येतोच. त्या रस्त्यावरचं ठिकाण त्याला जवळजवळ फुकटात पडतं.

मुंबईकडून स्वतःच्या गाडीने येणाऱ्याने घोटीला वळून थेट त्र्यंबकला जावं आणि तिथून नाशिकला उतरावं. त्र्यंबकचा वेगळा फेरा वाचतो. सुरतेकडून सापुताऱ्यामार्गे येणाऱ्याला वणी वाटेतच लागते, त्याला नाशिकहून उलटं वणीला पाठवणं म्हणजे शुद्ध छळ आहे. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्याला शिर्डी वाटेत. आणि पुण्याहून येणाऱ्याला यातलं एकही देवस्थान सरळ रस्त्यावर नाही, त्याच्या वाट्याला सिन्नर येतं. ते काही कमी नाही. यादवांच्या काळातलं गोंदेश्वर शांत आहे, सहसा रांग नसते आणि लांबून गाडी चालवत आलेल्यांना पाय मोकळे करायला याहून चांगली जागा त्या रस्त्यावर मला माहीत नाही. नाशिककर स्वतः तिथे फारसे जात नाहीत, म्हणून पाहुण्यांना सांगायचंही राहून जातं.

रेल्वेने येणाऱ्यांचा हिशेब वेगळा, आणि तिथे एक सापळा आहे. मुंबईची माणसं ‘पंचवटीने येऊ’ म्हणतात, कारण ते नाव सगळ्यांना माहीत असतं. पण पंचवटी एक्स्प्रेस आपल्या सोयीची गाडी आहे, त्यांच्या नाही. ती सकाळी इकडून मुंबईला जाते आणि संध्याकाळी मुंबईहून सुटून रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास नाशिकरोडला येते. त्या गाडीने आलेल्या पाहुण्यांचा पहिला दिवस संपलेलाच असतो. मुंबईहून पहाटे सुटणारी तपोवन पकडली तर सकाळी दहाच्या आत-बाहेर ते नाशिकरोडला उतरतात आणि दिवस हाताशी राहतो. शिवाय स्टेशन नाशिकरोडला आहे, पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटर दूर, हे बाहेरच्यांच्या गावीही नसतं. ‘स्टेशनजवळ हॉटेल घेतलंय, मंदिरं चालत करू’ असं सांगणारे पाहुणे तुम्हालाही भेटले असतील. पुण्याहून थेट लोहमार्ग नाही, त्यामुळे तिकडचे लोक एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने येणार हे धरून चाला. चाकण, राजगुरुनगरची गर्दी लागली की पाच तासांचे सहा सहज होतात.

आता तारीख. ही अडचण तुमच्या बहिणीच्या बाबतीत सगळ्यात जास्त नडली. तारीख मागितली की लोक गांगरतात, कारण रजा मंजूर झालेली नसते. म्हणून तारीख मागू नका, महिना मागा आणि आठवड्यातले वार मागा. एवढं प्रत्येकाला सांगता येतं आणि तेवढं पुरतंही.

महिन्यावरून द्राक्षं ठरतात. आपल्याकडे बागांची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या आगेमागे फळासाठी छाटणी. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो, म्हणून जानेवारी ते मार्च हे खरे द्राक्षांचे दिवस. सटाण्याकडची अर्ली द्राक्षं सोडली तर ऑगस्टमध्ये बागेत नुसता पाला असतो. पाला हिरवागार असतो, फोटोलाही छान दिसतो, पण मुलांना ‘द्राक्षं तोडायला जाऊ’ असं सांगून आणलं असेल तर पंचाईत. वाइनरी मात्र बारा महिने उघड्या असतात. तिथे चव आणि तळ्याकाठची संध्याकाळ मिळते, घडांनी लगडलेले वेल नाही. प्लॅनमध्ये ‘द्राक्षमळे’ लिहिण्याऐवजी, महिना बघून, ‘वाइनरीत संध्याकाळ’ लिहिलं असतं तर एक तक्रार आधीच कमी झाली असती. आणि सासू-सासरे बरोबर असताना ती संध्याकाळ घालायची का, तेही बहिणीलाच विचारायला हवं होतं.

पावसाळ्यात पाऊस कुठे पडतो हेही बाहेरच्याला कळत नाही. इगतपुरी-त्र्यंबकला समोरची गाडी दिसत नाही अशा दिवशी निफाडला चक्क ऊन असतं. म्हणून जुलै-ऑगस्टच्या पाहुण्यांसाठी एक दिवस पश्चिमेचा आणि एक पूर्वेचा ठेवावा, म्हणजे पहिला वाहून गेला तरी दुसरा हाती राहतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाचा परिसर पाण्याखाली जातो. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, छातीपर्यंत पाणी ही आपली पुराची भाषा पाहुण्यांना ठाऊक नसते. पण त्या दिवशी गंगेवर जायचं नाही, हे त्यांना सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र पूर्वेला नांदूरमध्यमेश्वरला पक्षी असतात. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालेलं ते हेच. मुलं बरोबर असतील तर मी रांगेचं एखादं देवस्थान वगळून तिथे भल्या सकाळी पाठवेन.

वार का हवेत, हे तुम्हाला आता सांगायला नको. श्रावणात सोमवारी त्र्यंबक टाळायचं, आणि तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी गर्दी बघता त्या रस्त्यालाच जायचं नाही. एरवीही शनिवार-रविवारपेक्षा मधले वार बरे. आणि वार हातात नसेल तर वेळ असते. मंदिर पहाटे साडेपाचला उघडतं. पाहुणे तेव्हा दारात असतील तर नऊपर्यंत मोकळे होऊन मिसळीला येतात. दहाला पोचले तर दुपार रांगेत. नाशिकमध्ये मुक्काम असलेल्यांना पहाटे पावणेपाचला निघायला सांगणं जिवावर येतं खरं, पण सांगायचं.

एका बाबतीत मात्र सांभाळा. कुणी ‘त्र्यंबकला पूजा करायचीय’ म्हणालं तर तो प्लॅन तुमच्या हातात राहत नाही. नारायण नागबली तीन दिवसांचा विधी आहे, त्याचे मुहूर्त गुरुजी काढतात आणि मुक्कामही तिथेच करावा लागतो. अशांना पंचवटी आणि वाइनरीचं काही लिहून देऊ नका. आधी गुरुजींकडून तारीख घ्या म्हणावं, मग उरलेल्या वेळाचं बोलू. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुणी ‘सहज फिरायला’ यायचं म्हणालं तरी हेच. सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या तेव्हा आहेत, त्या काळात नाशिकला येणं म्हणजे कुंभाला येणं.

किती माणसं, या प्रश्नाचं उत्तर आकड्यात घेऊन फार काही कळत नाही. आकड्यावरून गाडी ठरते इतकंच. चार जण रिक्षात किंवा छोट्या गाडीत मावतात, सहा-सात झाले की मोठी गाडी लागते, बारा-तेरा झाले की टेम्पो ट्रॅव्हलर. प्लॅन बदलतो तो सगळ्यात थकलेल्या गुडघ्यांवर आणि सगळ्यात लहान मुलावर. पांडवलेणी खरोखर बघण्यासारखी आहे, सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख तिथे डोळ्यांसमोर आहेत, पण दोनेकशे पायऱ्या चढल्याशिवाय त्यातलं काही दिसत नाही. सीता गुंफेत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. उलट वणीचा गड वयस्करांना अवघड असेल असं लोकांना वाटतं, तर तिथे 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे आणि शेकडो पायऱ्या टळतात. म्हणून ‘किती जण’ नका विचारू. ‘पायऱ्या न चढणारं कुणी आहे का, आणि पाच वर्षांखालचं कुणी आहे का,’ असं विचारा. सासूबाईंचा गाडीतला तास या एका प्रश्नाने वाचला असता.

बजेट तर रुपयांत विचारूच नका. नातेवाइकांत तो आकडा कुणी खरा सांगत नाही. काहींना कमी सांगायची लाज वाटते, काहींना जास्त सांगितलं तर मिरवल्यासारखं वाटतं. ‘भक्तनिवास चालेल का हॉटेल बघू, की रिसॉर्टच हवं,’ असं विचारलंत की काम झालं. त्र्यंबकला देवस्थानचं आणि शेगावच्या गजानन महाराज संस्थानचंही भक्तनिवास आहे, गडावर आणि शिर्डीतही संस्थानांच्या खोल्या मिळतात. उत्तरावरून खर्चाचा अंदाज येतोच, शिवाय मुक्काम कुठल्या गावात करायचा हेही ठरतं.

यात आणखी एक प्रश्न लपलेला असतो आणि तो पाहुणे विचारत नाहीत. ‘प्लॅन पाठव’चा अर्थ पुष्कळदा ‘तुमच्याकडे उतरू का’ असा असतो. तुम्हाला चालणार असेल तर आधीच सांगून टाका. चालणार नसेल तर भक्तनिवास-हॉटेलचा प्रश्न तुम्ही विचारलात की तेही आपोआप कळतं, कुणालाही अवघड न वाटता.

हे सगळं धरून बहिणीचा प्लॅन पुन्हा मांडून बघू. तेच तीन दिवस, तीच माणसं.

शनिवारी सकाळी सहाला पुण्याहून निघून दहा-साडेदहाला गोंदेश्वर. तासभर तिथे, मग नाशिकला जेवण आणि विश्रांती. पहिल्या दिवशी सहा तास गाडीत बसलेल्या सत्तरीच्या माणसांना दुपारी कुठेही न्यायचं नाही. संध्याकाळी, नदीला पाणी सोडलेलं नसेल तर, पंचवटी: रामकुंड, कपालेश्वर आणि काळाराम. ही ठिकाणं चालण्याच्या अंतरात आहेत. गाडी लांब लावून रिक्षाने आत गेलेलं बरं, आणि कपालेश्वरच्या पायऱ्या सासूबाईंनी ठरवायच्या. मुलांना कपालेश्वरसमोर नंदी का नाही, ते आजोबा सांगतील. 1930 चा सत्याग्रह कुठल्या दारांसाठी झाला, ते काळारामात उभं राहून तुमच्या बहिणीने सांगावं.

रविवारी पहाटे त्र्यंबक. श्रावणातला रविवार रिकामा नसतोच, पण साडेपाचला पोचलं तर निभतं. कुशावर्त करून परतताना अंजनेरीचा डोंगर रस्त्यावरूनच बघायचा. ढगात गुरफटलेला डोंगर गाडीतून बघायलाही ऑगस्टमध्ये मजा येते, चढायची गरज नाही. दुपारी झोप. संध्याकाळी मोकळं ठेवायचं, मेन रोडवर चिवडा आणि भांडी घ्यायला कुणी ना कुणी जातंच.

सोमवारी त्र्यंबकच्या दिशेकडे पाठ करायची. मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सकाळी आठला पांडवलेणी, तोवर सासू-सासरे हॉटेलवर निवांत चहा घेतील. दहाला निघून संध्याकाळी पुणे.

वणी? वणी काढून टाकायची. हे सांगायला तुम्हाला जड जाईल, पण तुमच्या मूळ प्लॅनमधली खरी चूक तिथे होती, श्रावणी सोमवार नसता तरी. गडावरून नाशिक साठच्या वर, तिथून पुणे दोनशेच्या वर. त्र्यंबक आणि गड दोन्ही करून त्याच दिवशी पुण्याला पोचायचं म्हणजे मध्यरात्र. आपण नाशिककरांना वणी ‘इथेच’ वाटते, कारण आपण संध्याकाळी आपल्या घरी परततो. पाहुण्याला परतीचा रस्ता उरलेला असतो. शेवटच्या दिवशी त्याच्या घराच्या विरुद्ध दिशेचं काहीही घालायचं नाही.

साडूंच्या मागणीचंही असंच गणित करून बघा. नाशिकमध्ये मुक्काम धरला तर त्र्यंबकचं जाणं-येणं दोन तास, वणीचं साडेतीन, शिर्डीचं साडेचार. दहा तास नुसते गाडीत. दोन दिवसांचे जागेपणीचे बारा-बारा तास धरले तर चौदा उरतात आणि त्यात तीन रांगा, जेवणं, पंचवटी. कागदावर बसतं. पण एक रांग लांबली की पुढचं सगळं कोसळतं आणि रांग लांबतेच. त्यामुळे तिन्ही देवस्थानांपैकी एक त्यांच्या येण्याच्या रस्त्यावर असेल तरच हे दोन दिवसांत करा. नागपूरहून समृद्धीने येत असतील तर भल्या पहाटे निघून दुपारी शिर्डी, दर्शन करून रात्री नाशिक. दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबक, दुपारनंतर पंचवटी आणि वणी पुढच्या खेपेला. मुंबई-ठाण्याकडून येत असतील तर घोटीवरून त्र्यंबक, रात्री नाशिक, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गड, दुपारी परतीला लागायचं आणि शिर्डी सोडायची. पुण्यात बदली झाली असेल तर शिर्डी आणि त्र्यंबक, तेही शिर्डी परत जाताना न करता नाशिकला येताना.

म्हणून त्यांना आज लांबलचक काही पाठवू नका. एवढंच लिहा:

‘भावजी, नक्की बसवून देते. दोन गोष्टी कळवा. सध्या कुठून निघणार आणि गाडीने की रेल्वेने? आणि साधारण कुठला महिना, कुठले वार? पायऱ्या न चढणारं कुणी असेल तर तेही सांगा. तीनही देवस्थानं दोन दिवसांत धावपळीची होतात, तुमच्या रस्त्यावरचं एक आणि नाशिकजवळचं एक असं केलं तर निवांत होईल. मुक्कामाला भक्तनिवास बघू का हॉटेल?’

उत्तर आलं तर वर लिहिलेल्यातला त्यांचा रस्ता निवडा. ‘तुम्हीच ठरवा’ असं आलं, आणि बहुधा तसंच येईल, तर तुमचा अंदाज उघड लिहून प्लॅन द्या. सुरुवातीलाच लिहायचं, ‘मी असं धरलंय की तुम्ही ठाण्याहून गाडीने, जानेवारीत, शनिवार-रविवारी येताय आणि सगळे पायऱ्या चढू शकतात.’ त्याखाली प्लॅन. आणि खाली पुन्हा एक ओळ, ‘निघायचं गाव बदललं तर दोन्ही दिवस बदलतील, महिना बदलला तर त्र्यंबकची वेळ बदलेल, निघायच्या आधी मला एक फोन करा.’ चुकीचा अंदाज वाचला की लोक लगेच दुरुस्त करतात, ‘अहो नाही, आम्ही आता धुळ्याला आहोत.’ प्रश्न विचारून जे निघत नाही ते याने निघतं. धुळे निघालंच, तर मग ते चांदवडवरून येणार आणि पुन्हा सगळं नव्याने मांडायचं, पण तेवढं तुम्हाला दहा मिनिटांत जमेल.

काहीच उत्तर आलं नाही तर पंचवटीचा अर्धा दिवस तेवढा लिहून पाठवा. तो कुठूनही, कितीही जण आले तरी फारसा बदलत नाही. बाकीचं ते निघाल्यावर.

आणि ‘नवरात्रात येतोय’ असं उत्तर आलं, तर गडाच्या यात्रेत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीनेच जावं लागतं, हे पहिल्या ओळीत सांगा. चैत्रातल्या यात्रेतही तसंच असतं. भाड्याची गाडी केली असेल तर तिचं थांबण्याचं भाडं त्यांच्या हिशेबात आलं पाहिजे.